रात्रीच्या फोटोत खवले मांजर की साळिंदर? आधी शेपूट बघा, काटे नंतर

प्रश्न: रत्नागिरी जिल्ह्यात आमची आंबा-काजूची बाग आहे, थोडी सुपारीही आहे. सुपारीची रोपं बुडाशी कोण कुरतडतं ते बघायला मोडक्या गडग्याजवळ रात्री फोटो काढणारा कॅमेरा लावला. पहिल्या रात्रीच्या दोन फोटोंत अंगावर खवले असलेला प्राणी आलाय, गावात सगळे खवले मांजर म्हणतात. त्याच्या मागे एक छोटा काटेरी प्राणी आहे, भाचा म्हणतो हेजहॉग. चार दिवसांनी रानडुकराच्या पिल्लासारखं काहीतरी गुळगुळीत गेलं, त्याचेही दोन फोटो आहेत. नक्की काय काय आहे आणि कसं ओळखायचं?

उत्तर:

निकाल आधी सांगून टाकतो. ज्याला गाव खवले मांजर म्हणतंय ते साळिंदर आहे. भाच्याचा हेजहॉग हे त्या साळिंदराचंच पिल्लू. आणि तुम्ही जाता जाता उल्लेख केलेलं ते रानडुकराचं पिल्लू, ते मात्र खवले मांजर आहे. ही उलटापालट मी इतक्यांदा पाहिली आहे, की आता कोणी ‘खवले स्पष्ट दिसतायत’ म्हणून फोटो पाठवला की मी आधी साळिंदरच शोधायला लागतो.

असं का होतं ते समजून घेतलं तर पुढच्या फोटोंचा अर्थ तुम्हाला स्वतःला लावता येईल. तुमचा कॅमेरा रात्री आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतो आणि त्यात काळापांढरा फोटो काढतो. त्या प्रकाशात रंगांचा हिशोब बदलतो. तुमच्याच फोटोत बघा, हिरवी पानं चुन्यासारखी पांढरी आली आहेत. म्हणजे प्राणी काळा की तपकिरी हा प्रश्न तिथेच बाद झाला. दुसरं म्हणजे जवळच्या, सपाट आणि टणक पृष्ठभागावरून हा प्रकाश थेट परत येतो आणि तो भाग नुसता पांढरा-राखाडी होऊन जातो. खवले मांजराचे खवले नेमके तसेच, टणक आणि सपाट. त्यात ते बिळातून माती अंगावर घेऊन आलेलं असलं तर खवल्यांच्या कडा बुजतात आणि प्राणी गुळगुळीत दिसतो. तिसरं म्हणजे उजेड कमी म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि चालणारा प्राणी पुसट होतो. साळिंदराच्या काट्यांवर काळे-पांढरे पट्टे असतात. काटे अंगावर निजलेले असताना फोटो पुसट झाला तर शेजारशेजारच्या काट्यांचे पांढरे पट्टे एकमेकांत मिसळतात आणि अंगावर आडव्या नागमोडी ओळी उमटतात. त्या ओळी म्हणजे गावाला दिसलेले खवले.

थोडक्यात, अंगावर काय आहे ही गोष्ट आपण सगळ्यात आधी बघतो आणि रात्रीचा कॅमेरा सगळ्यात आधी तीच बिघडवतो. म्हणून मी फोटो उघडल्यावर आधी शेपूट शोधतो, मग पाठीचा बाक, मग तोंड. काटे-खवले अगदी शेवटी.

शेपटीपासून सुरू करू. आपल्याकडच्या खवले मांजराची शेपूट धडापेक्षा थोडीशीच आखूड असते. मोठ्या जनावराचं डोक्यापासून ढुंगणापर्यंतचं अंग साधारण ४५ ते ७५ सेंटिमीटर आणि शेपूट ३३ ते ४५ सेंटिमीटर. पण लांबीपेक्षा जाडी महत्त्वाची. ही शेपूट मांजराच्या किंवा मुंगसाच्या शेपटीसारखी ढुंगणाला चिकटवलेली वाटत नाही. कंबर जेवढी रुंद, जवळजवळ तेवढ्याच रुंदीने ती सुरू होते आणि हळूहळू निमुळती होत जाते. त्यामुळे धड कुठे संपलं आणि शेपूट कुठे सुरू झाली हे बोट ठेवून सांगता येत नाही. साळिंदराचं अगदी उलट. त्याला शेपूट असते, पण आखूड, आणि पाठीवरचे लांब काटे मागे ढुंगणापलीकडे आलेले असल्यामुळे ती झाकून जाते. बाजूने बघितलं तर साळिंदर मागच्या टोकाला एकदम संपतं, झाडूचं टोक छाटल्यासारखं. हेजहॉगची शेपूट असून नसल्यासारखी, फोटोत ती दिसेल अशी आशाच करू नका.

आता तुमचा पहिल्या रात्रीचा दुसरा फोटो घ्या. प्राणी उजवीकडे चाललाय. मागचं टोक बघा, खालच्या दिशेने जाड निमुळतं काही नाही. उलट ढुंगणावर बाहेर आलेल्या बारीक पांढऱ्या रेघा आहेत आणि त्या अंगाच्या रेषेबाहेर, मागच्या अंधारात घुसल्या आहेत. खवला कधी असा बाहेर येत नाही. खवल्यांची बाह्यरेषा छपराच्या कौलांसारखी असते, एकावर एक बसलेली, कडेला फार तर दातेरी. काटा मात्र रेषा तोडून बाहेर जातो. दोन्ही फोटोंत ढुंगणाच्या टोकाशी एक पांढराफेक ठिपका आहे, तो शेपटीवरच्या पोकळ काट्यांचा झुबका. साळिंदर घाबरलं की शेपूट हलवून त्यांचा खुळखुळा वाजवतं. तुमच्या कॅमेऱ्यात आवाजासह व्हिडिओची सोय असेल तर ती चालू करा. तो आवाज एकदा ऐकला की फोटोची गरज उरत नाही.

पाठीचा बाक हा माझा दुसरा आधार. खवले मांजर चालताना पुढचे पंजे सरळ टेकवत नाही. उकरण्यासाठी वापरायची लांब नखं झिजू नयेत म्हणून ती आत वळवून घेतं आणि मुडपलेल्या पंजाच्या पाठीवर भार देऊन चालतं. त्यामुळे पुढचा भाग खाली, डोकं जमिनीजवळ, पाठ मधोमध कमानीसारखी वर, आणि मागे शेपूट जमिनीला समांतर किंवा किंचित टेकलेली अशी सलग एक कमान दिसते. पाठीवर कुठेही खाच नाही, मानही वेगळी दिसत नाही. कधीकधी ते मागच्या दोन पायांवर उभं राहून, शेपटीचा टेकू घेऊन वास घेतं. तसा फोटो मिळाला तर लोक त्याला अस्वलाचं पिल्लूसुद्धा म्हणतात. साळिंदर पूर्ण तळवा टेकून, फेंगडं फेंगडं चालतं. त्याच्या मानेवर लांब राठ केसांचा तुरा असतो, तो खाली पडलेला असला तरी मान आणि पाठ यांच्यामध्ये एक पायरी दिसतेच. वजन मागे असल्यासारखं वाटतं, कारण काट्यांचा सगळा पसारा मागच्या अर्ध्या अंगावर असतो.

आता तोंड. ते दिसलं तर वाद संपतो, पण नेमकं तेच फोटोच्या बाहेर गेलेलं असतं. खवले मांजराचं तोंड नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं. डोळे बारीक, कान इतके छोटे की फोटोत दिसतच नाहीत, आणि जबडा असा काही जाणवत नाही, कारण त्याला दात नसतात. मुंग्या-वाळवी चिकट जिभेने ओढून घ्यायची, त्यासाठी जबडा हवा कशाला? साळिंदर हा कुरतडणारा प्राणी, उंदराच्या वर्गातला. त्याचं तोंड बोथट, नाक रुंद आणि केसाळ, समोरून पाहिलं तर सशाचं तोंड जड केल्यासारखं. लांब मिशा असतात आणि त्या प्रकाशात पांढऱ्या चमकतात. गळ्याखाली पांढरट पट्टाही दिसतो. तुमच्या पहिल्या फोटोत तोंड गवतामागे आहे, पण उजेड वाढवून पाहिलं तर मिशांचे दोन-तीन पांढरे तंतू गवताच्या पात्यांना आडवे गेलेले दिसतात. गवत उभं आहे, हे तंतू आडवे. मी साळिंदर म्हणालो त्यात या तंतूंचाही वाटा आहे.

एवढं झाल्यावर अंगावरच्या आवरणाकडे वळायचं. पण तिथेही ‘काय आहे’ यापेक्षा ‘कुठे नाही’ हा प्रश्न जास्त कामाला येतो. खवले मांजराचे खवले डोक्याच्या माथ्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत सलग असतात, पायांच्या बाहेरच्या बाजूवरही असतात. नसतात ते पोटाखाली आणि चेहऱ्यावर. म्हणजे पायावर खवला दिसला, शेपटीच्या टोकावर खवला दिसला, तर शंका नको. साळिंदराचे मोठे काटे पाठीच्या मागच्या भागावर असतात, तर चेहरा, पुढचे पाय आणि छाती आखूड राठ केसांची. म्हणून अर्धं अंग नक्षीदार आणि अर्धं सपाट गडद, असा दुभंग दिसला की साळिंदर समजा. तुमच्या दोन्ही फोटोंत ‘खवले’ खांद्याच्या मागे सुरू होतात आणि पुढचा पाय साधा गडद आहे. खवले मांजर असतं तर त्या पायावरही कौलं दिसली असती.

काट्यांवरचे हे पट्टे आपल्याकडे फार जुने ओळखीचे आहेत. सीमंतोन्नयनात भांग पाडायला तीन पांढरे ठिपके असलेला साळीचा काटा सांगितलाय. गृह्यसूत्रं लिहिणाऱ्यांनी काटा हातात घेऊन पाहिला होता, कॅमेऱ्याची मेहेरबानी त्यांना लागली नाही.

आता भाच्याचा हेजहॉग. तो चुकला, पण त्याची चूक समजण्यासारखी आहे. मोबाईलवर दिसणारे हेजहॉग बहुतेक युरोपातले किंवा पाळलेले असतात. इंग्लंडात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या परसात तो रोज रात्री येतो, तिचे फोटो बघून आमच्या घरातल्या मुलांनाही प्रत्येक काटेरी गोळा हेजहॉगच वाटतो. भारतात हेजहॉग आहेत, पण ते कोरड्या मुलखाचे. राजस्थान-गुजरातच्या रेताड, काटेरी झुडपांच्या भागात त्यांच्या जाती सापडतात, आणि एक जात दक्षिणेत तमिळनाडूच्या बाजूला. कोकणातल्या पावसात, जांभ्याच्या उतारावर तो भेटेल असं धरून चालू नका.

कच्छमध्ये मी तो विजेरीच्या उजेडात जवळून पाहिला आहे, त्यामुळे फरक सांगतो. मोठा हेजहॉगही दोन ओंजळींत मावतो, वजन किलोच्या निम्म्याच्याही खाली. काटे आखूड, बोटाच्या दोन पेरांपेक्षाही कमी, आणि सगळे जवळपास एकाच लांबीचे. म्हणून तो ब्रशसारखा दिसतो. काट्यांची हद्द एखाद्या टोपीच्या कडेसारखी ठरलेली असते. त्या कडेखाली मऊ केस, बारीक पाय आणि चेहरा. तोंड चिचुंद्रीसारखं टोकदार, नाक ओलं आणि सारखं हलणारं. आणि कान. हेजहॉगचे कान स्पष्ट दिसतात, आपल्याकडच्या एका जातीचे तर चांगलेच मोठे असतात. दुसऱ्या एका जातीच्या चेहऱ्यावर गडद मुखवटा आणि वर पांढरी पट्टी असते, आणि ती रात्रीच्या फोटोतही ओळखू येते.

तुमच्या फोटोतलं छोटं जनावर मोठ्याच्या शेपटीमागे हातभर अंतरावर आहे. हेजहॉग एकटा फिरणारा. साळिंदराचं जोडपं मात्र पिल्लांना घेऊन हिंडतं. पिल्लू डोळे उघडे घेऊनच जन्मतं, काटे सुरुवातीला मऊ असतात आणि लवकर टणक होतात, पण आखूड राहतात. त्यामुळे त्या वयात ते आखूड काट्यांच्या हेजहॉगसारखं दिसतं खरं. पण तुमच्या पिल्लाचं तोंड बोथट आहे, कान दिसत नाहीत, आणि ढुंगणावर आईबापासारखाच पांढरा ठिपका आहे. शिवाय माप बघा. मागे गडग्याचा जो चिरा दिसतोय त्याच्या लांबीएवढं ते आहे, आणि चिऱ्याच्या जवळूनच चाललंय. चिरा फूटभर धरला तरी हेजहॉगसाठी हे फार झालं.

आकाराच्या बाबतीत थोडं सावध राहा. कॅमेऱ्यापासून दोन फुटांवरचा हेजहॉग आणि दहा फुटांवरचं साळिंदर फोटोत सारखेच मोठे दिसतात. अंदाज करत बसू नका, मोजा. कॅमेरा जागचा न हलवता, प्राणी जिथे होता तिथे जाऊन एक काठी उभी करा, तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला पांढरी चिकटपट्टी गुंडाळा, आणि रात्रीच कॅमेऱ्यासमोरून जाऊन फोटो निघू द्या. मग दोन्ही फोटो एकाच आकारात शेजारी उघडून काठीच्या खुणा प्राण्यावर धरा. जागा नेमकी हवी. मागच्या झाडाच्या बुंध्याशी किंवा दगडाशी प्राण्याचे पाय जुळवून घेतले की काम होतं.

आता चार दिवसांनंतरचे फोटो. पहिल्यात उजव्या कडेला राखाडी, गुळगुळीत पाठ आहे, डोकं बाहेर गेलेलं. दुसऱ्यात तर फक्त मागचा अर्धा भाग. रानडुकराचं पिल्लू म्हणायला काय हरकत, असं कोणालाही वाटेल. पण डुकराच्या पिल्लाची शेपूट दोरीसारखी बारीक, आणि पाय उंच, खुरावर टेकलेले. इथे दुसऱ्या फोटोत कंबरेची पूर्ण रुंदी घेऊन काहीतरी मागे येतंय आणि फोटोच्या डाव्या बाजूला निमुळतं होत जातंय. ती शेपूट. पोट जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. मी फोटोचा उजेड कमी केला (वाढवला नाही, जळलेल्या पांढऱ्या भागातला तपशील उजेड कमी केल्यावर दिसतो) आणि शेपटीच्या कडेला दातेरी रेषा उमटली. करवतीसारखी टोकदार नाही, बोथट आणि एकसारख्या अंतरावर. त्या शेपटीच्या काठावर बसलेल्या खवल्यांच्या कडा. पाठीवर एकही खवला सुटा दिसत नाही, तरी मला शंका नाही.

डोकं फोटोबाहेर का गेलं, यालाही कारण आहे. हे कॅमेरे अंगातली उष्णता हलताना जाणवली की चालू होतात. खवले मांजराच्या अंगाचं तापमान इतर सस्तन प्राण्यांपेक्षा कमी, त्यावर खवल्यांचं चिलखत. कॅमेऱ्याला ते उशिरा जाणवतं, तोवर तोंड पुढे निघून जातं. अर्धवट फोटो मिळाला म्हणून खवले मांजर नाही असं समजू नका, उलट अर्धवट फोटोच जास्त मिळतात. मला स्वतःला पहिली दोन वर्षं खवले मांजराच्या नुसत्या शेपट्याच मिळत होत्या.

गोळा झालेल्या जनावराचा फोटो मिळाला तर आणखी सोपं. साळिंदर कधी गोळा होत नाही. ते पाठ फिरवतं, काटे फुलवतं आणि उलटं चालून अंगावर येतं (काटे फेकतं ही निव्वळ थाप, सैल काटा टोचून निघून येतो इतकंच). खवले मांजर गोळा झालं की शेपूट डोक्यावरून पांघरून घेतं, म्हणून गोळ्याभोवती एक रुंद पट्टा वळसा घालून गेलेला दिसतो आणि गोळा फुटबॉलएवढा किंवा मोठा असतो. हेजहॉगचा गोळा मोसंबी-नारळाच्या मापाचा, सगळीकडून सारखा, त्यावर पट्टा नाही.

काही फोटो या सगळ्यानंतरही ठरत नाहीत. समोरून, तोंड खाली घातलेलं आणि फक्त फुगीर पाठ दिसतेय असा फोटो आला तर मी ‘ठरवता येत नाही’ असं लिहून ठेवतो. तेव्हा जमीन बघायची. सुपारीच्या रोपांवर रुंद दातांच्या जोडखुणा, अर्धवट खाल्लेले कंद, गडग्यात अडकलेला एखादा काटा किंवा बिळाच्या तोंडाशी कुरतडलेली हाडं असतील तर साळिंदर. खनिजांसाठी ते हाडं कुरतडतं. वारुळाला बाजूने पाडलेलं उभट भोक आणि त्यात खोल नखांचे ओरखडे असतील तर खवले मांजर. तुमच्या रोपांचा दोषी साळिंदरच. खवले मांजर रोपाला तोंडही लावत नाही, वाळवी मात्र खातं.

दोन कामं आजच करा. गावाच्या ग्रुपवर त्या शेवटच्या दोन फोटोंचं नाव आणि बागेची जागा एकत्र टाकू नका, आधीच टाकली असेल तर काढा. खवल्यांसाठी या जनावराची चोरटी शिकार होते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ते आहे आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. कोणी खरेदीची चौकशी करत आलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. फाइलमध्ये जागेची नोंद असेल तर ती मूळ प्रत कोणाला पाठवू नका, माझ्यासकट. मला पुढच्या वेळी फोटो पाठवाल तेव्हा जागा काढून, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या फोटोसारखे नकोत, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबला गेला की शेपटीच्या कडेची ती दातेरी रेषा पहिली जाते.

आणि कॅमेरा सध्या कंबरेच्या उंचीवर आहे, तो वितीपेक्षा थोडा वर, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या आसपास आणा. वरून पाठीचा घुमट दिसतो, खालून शेपूट आणि तोंड. गडग्याच्या वाटेला आडवा लावू नका, तिरका लावा, म्हणजे प्राणी कॅमेऱ्यासमोर जास्त वेळ राहील. अंतर तीन मीटर ठेवा आणि प्रकाशाची तीव्रता कमी करायची सोय असेल तर करा. एका वेळी एक फोटो निघतोय तो तीनवर न्या. खवले मांजर त्याच वाटेने परत आलं तर पहिल्या फोटोत नाही, तरी तिसऱ्यात नखं आत वळवलेला पंजा मिळेल.